पद्मजाबाईंसाठी सहदेवचं अक्षर

सहदेव मेस्त्री मूळचा आमच्या वाडीचा, राजापूरच्या बाजूचा. पण वाडीत तो जन्मला नाही. त्याचा बाप राघो कापडगिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचा. संप झाला, गिरणी थंडावली, आणि राघो बिऱ्हाड उचलून घाटकोपरच्या टेकडीवर आला. एका कारखान्याच्या दारावर तो पहारेकरी झाला. टेकडीवरच्या त्या पत्र्याच्या खोलीत सहदेव वाढला. मे महिन्यात आणि गणपतीत तेवढा तो गावी यायचा. पोर अबोल होतं, पण त्याचं अक्षर वाडीत सगळ्यांना ठाऊक होतं. देवळाच्या जीर्णोद्धाराची पाटी त्याने लिहिली तेव्हा म्हातारी माणसं, ज्यांना वाचता येत नव्हतं तीही, समोर उभी राहून बघत होती. वळणदार म्हणजे काय ते त्यांना कळत होतं. नदीचं वळण बघून कळतं तसं.

ते अक्षर त्याला पद्मजाबाईंनी दिलं. टेकडीच्या पायथ्याशी मराठी शाळा होती, तिथे त्या पाचवी ते सातवी शिकवायच्या. शनिवारी शाळा सुटली की ज्याला हवं त्याने थांबायचं. बाई बोरू काढायच्या, टोक तिरकं कापून द्यायच्या, पुडीची शाई कालवायच्या, आणि एकच अक्षर तासभर लिहायला लावायच्या. थांबणारी पोरं हळूहळू गळत गेली. शेवटी एकटा सहदेव उरला.

दहावीनंतर तो चेंबूरला गुणाजी पेंटरकडे लागला. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नावं, लग्नाच्या कमानी, सगळं ब्रशने. दहा वर्षं त्याचा हात हवेत फिरला आणि जिथे फिरला तिथे अक्षर उमटलं. मग फ्लेक्स आलं. गुणाजीने दुकानाचं शटर ओढलं आणि तो गावी निघून गेला. सहदेव घाटकोपरला एका फ्लेक्सच्या गाळ्यात ऑपरेटर म्हणून चिकटला. तेव्हापासून तो खुर्चीवर बसतो, माऊस हलवतो, आणि मशीन भिंतीएवढं कापड छापून बाहेर ढकलतं. वाढदिवस, निधन, हार्दिक स्वागत.

यंदा जुलैच्या अखेरीस त्याला एक फोन आला.

"सहदेवदादा ना? मी मानसी बोलतेय, मुलुंडहून. पद्मजाबाईंची भाची."

सहदेव खुर्चीवरून उठून गाळ्याबाहेर आला. "बाई बऱ्या आहेत ना?"

"तब्येत बरी आहे हो. डोळे चाललेत. काचबिंदू. गेलं ते परत येत नाही म्हणतात, आणि उरलंय ते किती दिवस राहील ते सांगत नाहीत. भिंग लावून ठळक काळं अक्षर असलं तर वाचतात अजून."

सहदेवने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दरवर्षी शिक्षक दिनाला मोबाईलवर ढीगभर येतं ना, गुलाब काय, समया काय. मी वाचून दाखवते. गेल्या वर्षी मध्येच म्हणाल्या, बंद कर, यात माझं एकही पोर दिसत नाही." मानसीने आवाज खाली आणला. "शाळेला कुलूप लागल्यापासून त्यांचं असंच चाललंय. एवढी वर्षं शिकवून काय उरलं, म्हणतात. मी काय सांगणार? परवा आपणहून म्हणाल्या, सहदेवचं अक्षर तेवढं राहिलं असेल. त्याच्या हातचं एक पत्र आलं तर डोळे आहेत तोवर बघून घेईन. म्हणून तुमचा नंबर शोधला. जमेल ना?"

"न जमायला काय झालं," सहदेव म्हणाला. "पाच सप्टेंबरला मी स्वतः घेऊन येतो."

फोन ठेवल्यावर तो तसाच उभा राहिला. मनात कुठेतरी फुलून आलं होतं. इतक्या वर्षांत त्याच्याकडे कोणी अक्षर मागितलं नव्हतं.

त्या रविवारी तो जाड कागद घेऊन बसला. मजकूर नंतर बघू, आधी मायना लिहू, म्हणून त्याने बोरू बुडवला आणि 'आदरणीय' लिहायला घेतलं. 'आ'चा काना खाली येता येता थरथरला. 'द'ची गाठ फुटली. त्याने कागद बदलला. दुसऱ्या कागदावर अंगठा मुळाशी आखडला आणि बोरू आपोआप बाजूला सरकला. सहदेव हाताकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात होता.

त्याची बायको सुगंधा कुडाळची. ओट्याशी तांदूळ निवडत होती. "काय झालं ओ?"

"काही नाही. सवय गेली."

"मगे सवय करा. महिना आहे."

त्याने सवय केली. रोज कामावरून आला की तो लिहायला बसायचा. उभ्या रेघा, आडव्या रेघा, अर्धगोल, बाईंनी शनिवारी गिरवून घेतलं होतं ते सगळं. रेघ निघायची, पण जिवंत निघायची नाही. नाक्यावरच्या डॉक्टरांनी बोटं ताणून बघितली आणि म्हणाले, काही हातांना अशी थरथर लागते, बारीक वस्तू धरली की जास्त कळते. गोळीने थोडी कमी होईल, जायची नाही. त्याने गोळी घेतली. थरथर थोडी कमी झाली. अक्षर आलं नाही.

मग त्याने हात बाजूला ठेवून मजकुराकडे लक्ष वळवलं. निदान ते तरी नीट व्हावं. पहिला मजकूर त्याने सुगंधाला वाचून दाखवला. त्यात ज्ञानाचा दिवा होता, मातीच्या गोळ्याला आकार देणारा कुंभार होता, अंधारातली वाट होती.

सुगंधाने ऐकून घेतलं. "ह्यां खंयच्याय बाईंक चलात."

"म्हणजे?"

"म्हणजे असं, की वरचं नाव बदललं तर माझ्या शाळेतल्या बाईंनाही हेच पाठवता येईल. त्यांनी तर मला छडी सोडून काही दिलं नाही. तुमच्या बाईंनी तुमच्यासाठी काय केलं ते लिहा ना."

"खूप केलं."

"खूप म्हणजे किती? एक सांगा. एकच."

सहदेवने कागद उलटा ठेवला. मग त्याने सांगितलं. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट सुगंधाने कधी ऐकली नव्हती. ऐकून ती म्हणाली, "हेच लिहा. बाकीचं सगळं काढा."

तेव्हा त्याला पत्र कसं लिहायचं ते हळूहळू कळत गेलं. आधी आपण कोण ते सांगायचं. बाईंच्या हाताखालून किती पोरं गेली, आपल्याला आठवायचे कष्ट बाईंनी का घ्यावेत. मग ती एक गोष्ट, घडली तशी, विशेषणं न लावता. मग तिच्यातून आपलं पुढे काय झालं. मग आज आपण कुठे आहोत. आभार शेवटी, आणि थोडक्यात. काही मागायचं नाही, रडगाणं गायचं नाही. भिंगातून वाचणारं माणूस आहे, तेव्हा पत्र एका पानाच्या पुढे जाऊ द्यायचं नाही. मायन्याशी तो अडला. 'तीर्थरूप' घरच्या वडीलधाऱ्यांना, 'गुरुवर्य' भाषणातल्यासारखं वाटतं. शेवटी 'आदरणीय पद्मजाबाईंस' हेच राहिलं. शाळेत हाक मारायचो तशी, तो म्हणाला.

त्याचा सगळ्यात जास्त वेळ एका वाक्याने घेतला. आज आपण काय करतो? 'फ्लेक्स छापतो' लिहिलं तर बाईंना काय वाटेल? पेंटर आहे म्हणावं तर खोटं. त्याने लिहिलं, 'आजही अक्षरांचंच काम करतो.' सुगंधाने ते वाक्य ऐकलं आणि त्याच्याकडे बघितलं.

मजकूर झाला. हात झाला नाही. गणपती तोंडावर आले, गाळ्यात कामाचा डोंगर उभा राहिला, गावी जायचंही त्याने यंदा रद्द केलं. मंडळांची कापडं, नेत्यांच्या शुभेच्छा, त्यात शिक्षक दिनाचेही फलक. एका दुपारी गाळ्याचा मालक हर्षद म्हणाला, "सहदेव, हा बारशाचा बोर्ड आहे. पार्टीला हाताने लिहिल्यासारखं पाहिजे. तुझा हात टाक."

'तुझा हात' हे कॉम्प्युटरमधल्या एका फाइलीचं नाव होतं. सहदेव कामाला लागला त्याच वर्षी हर्षदच्या वडिलांनी त्याच्याकडून सगळी अक्षरं बोरूने लिहून घेतली होती. स्वर, व्यंजनं, काने, मात्रा, वेलांट्या, लागतील ती जोडाक्षरं. मग ती स्कॅन करून ठेवली. तेव्हापासून कोणाला हातचं अक्षर हवं असलं की त्या फाइलीतून एकेक उचलायचं आणि ओळीत बसवायचं. गिऱ्हाईक खूश व्हायचं. सहदेवने हे शेकडो वेळा केलं होतं.

त्या दुपारी बारशाचं नाव जुळवता जुळवता तो थांबला. पडद्यावर त्याचं अक्षर होतं. तरुण, भरलेलं, कुठेही न कापणारं. गुणाजी पेंटर ज्याच्याकडे बघून नुसता 'हं' करायचा ते. ते दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ते त्याच्याच हातातून निघालं होतं.

बाईंनी माझं अक्षर मागितलंय, त्याने मनाशी म्हटलं. हे माझंच तर आहे.

शिक्षक दिनाच्या आधी दोन दिवस, सगळे जेवायला गेल्यावर, त्याने पत्र जुळवलं. काम सोपं नव्हतं. फाइलीत बारशाला आणि लग्नाला लागणारी अक्षरं होती. 'दुसऱ्या' शब्दातला अर्धा र तिथे नव्हता, म्हणून 'दुसऱ्या दिवशी' काढून त्याने 'मग एके सकाळी' केलं. असं दोन-तीन ठिकाणी मजकूर अक्षरांसाठी वाकवावा लागला. सुट्या अक्षरांच्या शिरोरेषा जुळवताना त्याने मुद्दाम एखादी किंचित वर, एखादी खाली ठेवली. हाताने होतं तसं. छापायला घरगुती प्रिंटरचा कागद नको म्हणून त्याने लग्नपत्रिकेचा हातकागद आणला. काळी शाई कागदात थोडी फुटली आणि अगदी बोरूसारखी दिसली.

घरी सुगंधाने कागद बघितला. "जमलं?" ती म्हणाली. मग तिने पुन्हा बघितलं. "कधी लिहिलंत?"

"दुपारी."

ती कागद परत देताना म्हणाली, "बाईंना आनंद होईल." एवढंच.

पाच तारखेला तो मुलुंडला गेला. बाईंचं घर जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. मानसीने दार उघडलं. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. सहदेवच्या मनात होत्या त्या बाई उंच होत्या. या बाई खुर्चीत मावून वर जागा उरत होती.

"कोण? सहदेव का?" त्यांनी मान कलती करून त्याला नजरेत पकडलं. "ये. जवळ ये. जाडा झालास की मला तसा दिसतोयस?"

"जाडाच झालोय, बाई."

"मग डोळे अजून खरं बोलतायत म्हणायचे." त्या हसल्या. "पत्र आणलंस? दे. बोलणं नंतर."

मानसीने दिवा जवळ सरकवला. बाईंनी कागद मांडीवर पसरला, भिंग धरलं आणि ओळीवरून हळूहळू सरकवत मोठ्याने वाचायला लागल्या.

"आदरणीय पद्मजाबाईंस, साष्टांग नमस्कार. मी सहदेव राघो मेस्त्री, सहावी ब. आई गेली त्या पावसाळ्यात मी शाळेत येणं सोडलं होतं. तुम्ही घरी आलात, पण मला समजावलं नाहीत. वडिलांशी बोलून निघून गेलात. मग एके सकाळी मी आलो आणि दाराशी उभा राहिलो. फळ्याचा एक कोपरा पट आणि हजर लिहायला असायचा. तुम्ही माझ्या हातात खडू दिलात आणि म्हणालात, हजरचा आकडा पुसून तुला धरून पुन्हा लिही. मी लिहिला. वर्गात कोणी काही बोललं नाही. तुम्ही धडा सुरू केलात. तेव्हापासून रोज सकाळी फळ्याचा तो कोपरा मीच लिहायचो. घरात मी कोणी नव्हतो, पण फळ्यावर मी हजर होतो. पुढे शनिवारी तुम्ही बोरू शिकवलात. त्या अक्षरावर मला काम मिळालं, संसार झाला, मुलगी कॉलेजात गेली. आजही अक्षरांचंच काम करतो. त्या सकाळी तुम्ही मला काही विचारलं असतंत तर मी परत गेलो असतो. तुम्ही विचारलं नाहीत, हे मी विसरलो नाही. आपला विद्यार्थी, सहदेव."

बाईंचा आवाज मध्ये दोनदा अडकला. वाचून झाल्यावर त्यांनी भिंग पुन्हा पहिल्या ओळीवर नेलं. आता त्या वाचत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या.

"मानसी, बघ. हा 'ळ' बघ. मी गिरवून घेतला होता. आणि हा 'ह'. पोट कसं सुटलंय बघ, मोकळं." त्यांचा चेहरा उजळला होता. "राहिलं गं. एक तरी राहिलं."

मानसी पदराने डोळे टिपत होती. सहदेव मान खाली घालून बसला होता. त्याला वाटलं, आता उठावं, चहा नको म्हणावं आणि निघावं.

"पण सहदेव," बाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात एकदम वर्ग आला, "तारीख कुठाय?"

सहदेव दचकला. गाळ्यात तारीख गिऱ्हाईक सांगतं तेव्हाच पडते. ती आपण घालायची असते, ही सवय त्याच्या हाताबरोबरच गेली होती.

"पत्रावर तारीख नाही म्हणजे काय? उद्या मी गेल्यावर कोणाला कळणार, कधी आलं ते? मानसी, माझं पेन दे त्याला. घाल वर, उजव्या कोपऱ्यात."

"बाई, राहू दे. घरून घालून आणतो."

"तारीख घरून घालून आणतात का, खुळ्या? लिही. मला बघू दे लिहिताना."

मानसीने पेन दिलं, कागदाखाली पाटी दिली. सहदेवने पेन धरलं. अंगठ्याने आपली जागा शोधली आणि ती सोडली. '५' काढताना वरचा वळसा वाकडा गेला, खालची शेपटी कागदावर ओरखडल्यासारखी झाली. 'सप्टेंबर'चा 'स' दोन तुकड्यांत पडला. तो लिहीत गेला, कारण थांबणं त्याहून वाईट होतं. वर्ष लिहून झालं तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

बाईंनी कागद ओढून घेतला. भिंग कोपऱ्यावर ठेवलं. मग खाली मजकुरावर. मग पुन्हा कोपऱ्यावर.

"हे आता लिहिलंस."

"हो."

"आणि हे खालचं?"

सहदेवने पेनला टोपण लावलं. मानसी कधी त्याच्याकडे, कधी बाईंकडे बघत होती.

"सहदेव, मी तुला विचारतेय."

"तेही माझंच आहे, बाई. पण खूप आधीचं. एकेक अक्षर लिहून मशीनमध्ये ठेवलं होतं. त्यातलं जुळवलं."

बाईंनी भिंग एका 'म'वर नेलं, तिथून दुसऱ्या, तिसऱ्या. "म्हणून," त्या हळू म्हणाल्या. "सगळे 'म' एकाच साच्यातले दिसत होते. मला वाटलं, माझेच डोळे फसवतायत. डोळ्यांना बोल लावला मी."

"हात चालत नाही, बाई. महिनाभर बसलो होतो. गोळ्या घेतल्या. रेघसुद्धा निघत नाही."

"मग तसं लिहायचं. पत्र म्हणजे काय प्रदर्शनात लावायचं असतं?"

"तुम्ही अक्षर बघायला मागितलं होतंत."

बाईंनी भिंग मांडीवर ठेवलं. खाली रस्त्यावरून कुठल्यातरी मंडळाचा ताशा जात होता. तो हळूहळू लांब गेला.

"मागितलं खरं," बाई म्हणाल्या. "माझीच हाव." मग थोड्या वेळाने, अगदी साध्या आवाजात, "मघाशी मी केवढी खूश झाले होते रे. तारीख विचारली नसती तर बरं झालं असतं."

मानसी म्हणाली, "मावशी, पण मजकूर त्यांचाच आहे ना. तो तर खरा आहे."

"खरा आहे का?" बाईंनी विचारलं.

"सगळा खरा आहे," सहदेव म्हणाला. मग त्याच्याने राहवेना. "अक्षरांचं काम करतो, तेवढं सोडून. मी फ्लेक्स छापतो. नेत्यांची तोंडं छापतो. हाताने लिहून मला वर्षं झाली."

बाईंनी मान हलवली. त्यांनी कागदाची घडी केली नाही, तो टेबलावर तसाच ठेवला. "पुन्हा लिही," त्या म्हणाल्या. "जसं येईल तसं. घेऊन ये."

"येतो."

"लवकर ये, सहदेव."

तो लवकर आला नाही. आम्ही गावाकडून त्याला विचारायचो, गणपती गेले, नवरात्र आलं, काय झालं तुझ्या बाईंचं? तो म्हणायचा, लिहितोय. आणि तो लिहीत होता हे सुगंधाने आम्हाला सांगितलं. रोज एक ओळ. आज लिहिलेली ओळ उद्या त्याला बघवत नसे, मग तो पान फाडायचा आणि पहिल्यापासून धरायचा. ती एकदा चिडून म्हणाली, "तसंच नेऊन द्या ना! त्यांनी तसंच मागितलंय." तो म्हणाला, "माहीत आहे." पण पान फाडणं थांबलं नाही. बाईंना वाईट अक्षर नेऊन देणं त्याला जमेना. बाईंनीच त्याला तसं घडवलं होतं. शनिवारी तासभर एकच अक्षर लिहून घेऊन, कच्चं निघालं की पान बदलायला लावून.

दिवाळी झाली त्या आठवड्यात मानसीचा फोन आला. तिने फार काही सांगितलं नाही. "आता उजेड-अंधार तेवढा कळतो," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी सहदेवने एका बैठकीत पत्र पुरं केलं. फाडायचं कारण उरलं नव्हतं. 'आजही अक्षरांचंच काम करतो' या जागी त्याने लिहिलं, 'आता अक्षर माझ्याकडे राहिलं नाही. होतं तेव्हा ते तुमचं होतं.' मशीनसाठी वाकवलेलं सगळं त्याने पुन्हा सरळ केलं. 'दुसऱ्या दिवशी' परत आलं.

रविवारी तो मुलुंडला गेला. बाई त्याच खुर्चीत होत्या, पण तोंड खिडकीकडे नव्हतं. त्यांनी मान कलती केली नाही. हात पुढे केला, सहदेवने त्यात कागद ठेवला. बाईंनी त्यावरून बोटं फिरवली, वरून खाली, कडेपर्यंत. शाईला काही उंची नसते. कागद गुळगुळीत होता.

"वाच," त्या म्हणाल्या आणि कागद त्याच्याकडे परत दिला.

सहदेवने वाचलं. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. पहिल्या पत्राच्या वेळी अडकलेला त्यांचा आवाज त्याला आठवत होता, पण आज त्यांचा श्वाससुद्धा बदलला नाही. वाचून झालं. मानसी आत कपबशा लावत होती, ती बाहेर आली.

"चांगलं लिहिलंस," बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "ओळी किती सरळ आल्यात?"

सहदेवने कागदाकडे बघितलं. प्रत्येक ओळ उजवीकडे घसरत गेली होती. मध्यावर अक्षरं एकमेकांवर चढली होती आणि एका जागी शाई गळून डाग पडला होता. बाईंना आता काहीही सांगता आलं असतं.

"एकही नाही, बाई," तो म्हणाला.

"बरं," बाई म्हणाल्या, त्याच्याकडून कागद घेतला आणि मानसीकडे देण्यासाठी हात वर केला. मानसी त्यांच्या दुसऱ्या बाजूला उभी होती.